बासष्टाव्या मैलावरची खुर्ची

कॅलिफोर्नियातल्या वेस्टर्न स्टेट्स या शंभर मैलांच्या रेसमध्ये ६२व्या मैलावर, फॉरेस्टहिलला, तुम्ही पेसर म्हणून मित्राला जॉइन होता. तो खुर्चीत कोसळतो आणि म्हणतो, ‘बस्स, सोडतोय मी!’ अशा वेळी ‘कसं वाटतंय?’ हे विचारूच नका. विचारा, ‘शेवटचं कधी खाल्लंस? लघवी कधी झाली?’ तीन तास पोटात काही नसेल, तर ही भूकच बोलतेय. मळमळत असेल तर कोलाचे छोटे घोट द्या, मोजे बदला, हेडलॅम्प लावा आणि दहा मिनिटांत उठवा. पहिली वीस मिनिटं नुसतं चालवा. पोट बहुधा सावरतं. त्याची बाटली मात्र तुम्ही उचलायची नाही, तसा नियमच आहे. आणि तो असंबद्ध बरळायला लागला, तर समजूत नको, थेट डॉक्टर!