आजारपणात पगार निम्मा का घ्यायचा?

सभासद बंधूंनो, आपली पोरं सरकारी नोकरीत आहेत. आजारी पडली की अर्धवेतनी रजा टाकतात नि निम्म्या पगारावर घर ओढतात. आमच्या मते जुन्या नोकरदाराने तसे करू नये.

महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, 1981 प्रमाणे वर्षाला 20 दिवस अर्धवेतनी रजा साठते. समजा, गोराईतल्या एकाची 24 वर्षे नोकरी झाली नि ही रजा कधी घेतलीच नाही. म्हणजे 480 दिवस शिल्लक. त्याने डॉक्टरी दाखला जोडून, अर्जात स्पष्ट लिहून, 60 दिवसांची परिवर्तित रजा मागावी. पगार पूर्ण मिळतो. शिलकेतून दुप्पट, म्हणजे 120 दिवस वजा होऊन 360 उरतात. मात्र कामावर न परतता राजीनामा दिला, तर जादा दिलेला पगार वसूल होतो, हे ध्यानात ठेवावं.