विश्लेषण : सीईओचा पगार वार्षिक अहवालात नेमका कुठे सापडतो? त्या आकड्यातून काय निसटते?

दरवर्षी मे-जून महिन्यांत कंपन्यांचे वार्षिक अहवाल येऊ लागले की 'अमुक सीईओच्या पगारात इतके टक्के वाढ' अशा बातम्या मोबाइलवर झळकू लागतात. आकडा एकच असतो, मोठा असतो आणि बहुतेक वेळा बरोबरही असतो. पण तो कशाकशाची बेरीज आहे, हे मथळ्यात मावत नाही. त्यामुळे पगार घटल्याची बातमी येते आणि प्रत्यक्षात हातात पडणारी रोख रक्कम वाढलेली असते, असेही घडते. हा आकडा अहवालात कुठे शोधायचा आणि वाचताना काय तपासायचे, हे इन्फोसिसच्या उदाहरणावरून पाहू.

अहवालात कुठे शोधायचे?

नोंदणीकृत कंपनीचा वार्षिक अहवाल तिच्या संकेतस्थळावर गुंतवणूकदारांच्या विभागात आणि एनएसई, बीएसईच्या संकेतस्थळांवर पीडीएफ स्वरूपात मिळतो. तीन-चारशे पानांचा हा दस्तऐवज मोबाइलवर पहिल्यापासून वाचण्याची गरज नाही. पीडीएफमधील शोधाच्या चौकटीत `remuneration` आणि `median` हे दोन शब्द टाकले की बहुतेक काम होते.

पगाराची माहिती मुख्यतः तीन ठिकाणी असते. पहिले ठिकाण म्हणजे संचालक मंडळाच्या अहवालाचे परिशिष्ट. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 197(12) नुसार प्रत्येक संचालकाचा मोबदला कर्मचाऱ्यांच्या मध्यक मोबदल्याच्या किती पट आहे, हे नोंदणीकृत कंपनीला तिथे द्यावे लागते. संचालक, सीईओ, सीएफओ आणि कंपनी सेक्रेटरी यांच्या मोबदल्यात किती टक्के वाढ झाली, तेही तिथेच असते. दुसरे ठिकाण कॉर्पोरेट गव्हर्नन्स अहवाल. सेबीच्या नियमांमुळे संचालकांचे वेतन, बोनस, शेअर पर्याय, नोटीस कालावधी अशी फोड तिथे द्यावी लागते. तिसरे ठिकाण आर्थिक पत्रकांच्या टिपांमधील संबंधित पक्षांशी झालेल्या व्यवहारांची टीप. ती `related party` असे शोधल्यावर सापडते.

या तीन ठिकाणचे आकडे एकमेकांशी जुळतीलच असे नाही. ते न जुळणे म्हणजे लगेच घोटाळा नव्हे. प्रत्येक ठिकाणी मोजण्याची पद्धत वेगळी असते आणि खरी मेख तिथेच आहे.

66 कोटींच्या आत काय होते?

इन्फोसिसचे सीईओ सलील पारेख यांचा 2023-24 या आर्थिक वर्षाचा मोबदला 66 कोटी 25 लाख रुपये होता. त्याची फोड अशी : निश्चित वेतन 7 कोटी, निवृत्तीविषयक लाभ 47 लाख, कामगिरीवर आधारित बोनस 19 कोटी 75 लाख आणि शेअरच्या रूपातील मोबदला 39 कोटी 3 लाख. म्हणजे ज्याला आपण पगार म्हणतो ती रक्कम एकूण आकड्याच्या जेमतेम दहावा हिस्सा. निम्म्याहून अधिक वाटा शेअरचा.

हे शेअर 'आरएसयू' म्हणजे निर्बंधित शेअर युनिट या स्वरूपात मिळतात. कंपनी आधी युनिट देते, ठरलेला काळ किंवा लक्ष्य पूर्ण झाले की त्यावर हक्क मिळतो आणि मग अधिकारी नाममात्र किंमत भरून ते शेअरमध्ये बदलून घेतो. त्या दिवशीचा बाजारभाव वजा भरलेली किंमत, ही रक्कम त्या वर्षाच्या मोबदल्यात धरली जाते. म्हणजे 39 कोटी 3 लाख हा आकडा त्या वर्षी दिलेल्या शेअरचा नाही. आधीच्या वर्षांत दिलेले जे शेअर त्या वर्षी पदरात पाडून घेतले, त्यांचे ते मूल्य आहे.

पगार घटला की वाढला?

या हिशेबामुळे काय होते, ते मागच्या दोन वर्षांत दिसते. 2021-22 मध्ये पारेख यांचा मोबदला 71 कोटी 2 लाख होता. 2022-23 मध्ये तो सुमारे 56 कोटी 44 लाखांवर आला. पगारात एकवीस टक्के कपात, अशा बातम्या तेव्हा झाल्या.

आता दोन्ही आकड्यांतून शेअरचा भाग बाजूला काढू. 2021-22 मध्ये शेअरचे मूल्य 52 कोटी 33 लाख होते. ते वजा केल्यावर वेतन, निवृत्तिलाभ आणि बोनस मिळून 18 कोटी 69 लाख उरतात. 2022-23 मध्ये शेअरचे मूल्य सुमारे 30 कोटी 60 लाखांवर घसरले होते. ते वजा केल्यावर उरतात जवळपास 25 कोटी 84 लाख. म्हणजे ज्या वर्षी 'कपात' झाली, त्या वर्षी उरलेला मोबदला सात कोटींहून अधिक वाढला होता. घटले होते ते केवळ त्या वर्षी बदलून घेतलेल्या शेअरचे मूल्य. ते किती युनिट बदलून घेतली आणि त्या दिवशी भाव काय होता, यावर ठरते. संचालक मंडळाने त्या वर्षी काय मंजूर केले, याच्याशी त्याचा थेट संबंध नसतो.

म्हणून कोणत्याही सीईओच्या पगाराची वाढ-घट वाचताना पहिली कृती हीच : शेअरचा भाग वेगळा काढायचा आणि उरलेल्या रकमेची मागच्या वर्षीशी तुलना करायची.

मग यंदा दिलेले शेअर कुठे दिसतात?

याच्या उलट बाजूही आहे. 2023-24 साठी इन्फोसिसच्या मंडळाने पारेख यांना कामगिरीच्या लक्ष्यांशी बांधलेले 34 कोटी 75 लाख रुपये मूल्याचे आरएसयू मंजूर केले होते. ते 2 मे 2023 रोजी देण्यात आले आणि त्यांच्यावर बारा महिन्यांनी, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षात, हक्क मिळणार होता. त्यामुळे 66 कोटींच्या आकड्यात त्यांचा एक रुपयाही नाही. कंपनीने त्या वर्षी दिलेले सर्वात मोठे आश्वासन त्या वर्षीच्या पगाराच्या आकड्याबाहेर राहिले.

ते सापडते शेअर-आधारित मोबदल्याच्या टिपेत. शोधायचा शब्द `share-based` किंवा `RSU`. तिथे कोणाला किती युनिट दिली, किती मूल्याची आणि कोणत्या अटींवर, हे लिहिलेले असते. लेखा मानकांनुसार कंपनी या युनिटचा खर्च देण्याच्या दिवशीच्या मूल्यावरून धरते आणि हक्क मिळेपर्यंतच्या काळात विभागते. संबंधित पक्षांच्या टिपेतला आकडा गव्हर्नन्स अहवालातल्या आकड्याशी जुळत नाही, त्याचे एक मोठे कारण हेच.

आकड्याबाहेर आणखी काय राहते?

तक्त्याखाली बारीक अक्षरात अनेकदा एक वाक्य असते : ग्रॅच्युइटी आणि शिल्लक रजेची तरतूद संपूर्ण कंपनीसाठी एकत्रित काढली जाते, म्हणून ती इथे धरलेली नाही. दरवर्षी ही रक्कम डोळ्यांत भरत नाही. पण अधिकारी निवृत्त होतो त्या वर्षी ती एकदम मोबदल्यात येते आणि आकडा फुगतो.

दुसरी गोष्ट उपकंपन्यांची. व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालकाला कंपनीकडून कमिशन मिळत असेल आणि तो उपकंपनीकडूनही मोबदला घेत असेल, तर ते मंडळाच्या अहवालात सांगणे कलम 197(14) नुसार बंधनकारक आहे. ही माहिती मुख्य तक्त्यात नसली तर परिच्छेदांत शोधावी लागते.

तिसरी गोष्ट लाभांशाची. मुकेश अंबानी यांनी 2020-21 पासून रिलायन्सकडून वेतन घेतलेले नाही. त्याआधी 2008-09 पासून त्यांनी ते 15 कोटींवर रोखून धरले होते. पण रिलायन्सने 2023-24 साठी शेअरमागे 10 रुपये लाभांश दिला आणि प्रवर्तक गटाकडे जवळपास निम्मे शेअर आहेत. म्हणजे गटातील व्यक्ती आणि कंपन्या मिळून सव्वातीन हजार कोटींहून अधिक रक्कम झाली. लाभांश हा पगार नाही, तो प्रत्येक भागधारकाला मिळतो. मात्र प्रवर्तकाचा शून्य पगार आणि नोकरी करणाऱ्या सीईओचा कोट्यवधींचा पगार यांची तुलना करून साधेपणाचे गुण देणे चूक ठरते, ते यामुळे.

'इतके पट' हा आकडा किती विश्वासाचा?

मध्यक मोबदला म्हणजे सर्व कर्मचाऱ्यांना पगाराच्या क्रमाने उभे केले तर बरोबर मधल्याला मिळणारी रक्कम. पण रांगेत कोण उभे आहे, ते पाहावे लागते. बहुतेक कंपन्या त्यात मूळ कंपनीच्या पटावरील कायम कर्मचारी धरतात. कंत्राटदारामार्फत आलेले सुरक्षारक्षक, सफाई कामगार किंवा कारखान्यातले कंत्राटी हात त्यात नसतात. ते धरले तर मध्यक खाली येईल आणि पट वाढेल.

शेअरचा भाग धरला की नाही, यावरही पट बदलतो. समजा एखाद्या कंपनीत मध्यक 10 लाख आहे. 66 कोटी 25 लाखांना त्याने भागले तर पट 662 येते. शेअर वगळून 27 कोटी 22 लाख धरले तर 272. माणूस तोच, वर्ष तेच. म्हणून तक्त्याखालची टीप वाचल्याशिवाय दोन कंपन्यांचे पट शेजारी ठेवू नयेत.

संचालक नसलेल्या बड्या अधिकाऱ्यांचे काय?

एखाद्या विभागाचा प्रमुख संचालक मंडळावर नसला, तर त्याचे नाव या तक्त्यांत येत नाही. त्यांच्यासाठी वेगळी यादी असते. मोबदल्यानुसार पहिले दहा कर्मचारी, तसेच वर्षाला 1 कोटी 2 लाख किंवा त्याहून अधिक मिळवणारे, यांची नावे त्यात द्यावी लागतात. पण भागधारकांना पाठवल्या जाणाऱ्या अहवालातून ही यादी वगळण्याची मुभा कायद्याच्या कलम 136 मध्ये आहे आणि अनेक कंपन्या ती वापरतात. तुमच्याकडे त्या कंपनीचा एक शेअर असला तरी कंपनी सेक्रेटरीला ईमेल करून ती मागता येते. कोणत्या पत्त्यावर लिहायचे, ते मंडळाच्या अहवालात दिलेले असते.

काय बदलायला हवे?

माहिती दडवलेली नाही, ती विखुरलेली आहे. अमेरिकेत बाजार नियामकाने 2022 मध्ये केलेल्या नियमामुळे कंपन्यांना मोबदल्याचे दोन हिशेब एकाच तक्त्यात द्यावे लागतात : वर्षभरात मंजूर केलेला आणि विशिष्ट सूत्राने काढलेला 'प्रत्यक्ष' मोबदला. त्याच्या शेजारी भागधारकांचा परतावाही मांडावा लागतो. आपल्याकडे त्या वर्षी दिलेले शेअर आणि त्या वर्षी पदरात पडलेले शेअर एवढे दोन रकाने जरी सेबीने शेजारी-शेजारी सक्तीचे केले, तरी 71 वरून 56 कोटी ही कपात होती की नव्हती, हे वाचकाला एका नजरेत कळेल. तोवर ती वजाबाकी आपली आपणच करायची आहे.