पार्टी पाठवणाऱ्याला शेवटपर्यंत कळवा

आपल्या कापड बाजारात नवीन गिऱ्हाईक जाहिरात वाचून क्वचितच येते. बहुतेक वेळा ते कोणाच्या तरी शब्दावर येते. कोणी सूतवाला, कोणी रंगारी, कोणी अस्तरवाला त्याला सांगतो, "अमक्यांच्या पेढीवर जा, मापात माल कमी मिळणार नाही." असे सांगणारा दलाल नसतो. त्याला दलाली नको असते. आपली साख मात्र तो आपल्या नावामागे उभी करतो. आणि आपण काय करतो? सौदा झाला की त्याला विसरतो, पैसे अडकले की त्याचे दार ठोठावतो.

दुसऱ्यांना दोष देण्यात अर्थ नाही, ही चूक आम्ही स्वतः केली आहे. आमचा मालेगावात कोऱ्या सुती कापडाचा धंदा. काही वर्षांपूर्वी नाशिकचे एक अस्तर विकणारे दोस्त, त्यांनी उशांचे अभ्रे शिवणारी एक पार्टी आमच्याकडे पाठवली. माल गेला, पहिले पैसे वेळेवर आले. पार्टीने दुसरा माल उचलला, नंतर तिसरा. दोस्ताला आम्ही एका शब्दाने कळवले नाही. चौथ्या महिन्यात पार्टीने फोन उचलणे बंद केले, तेव्हा आम्ही नाशिक गाठले. दोस्त शांतपणे म्हणाले, "भाई, तो तुमच्याकडे आला होता हेच मला आज कळते आहे. दोन महिन्यांपूर्वीच मी त्याची उधारी बंद केली. तुम्ही विचारले असते तर तिसरा माल जाऊ दिला नसता."

आमच्याकडे उत्तर नव्हते. पैसे अर्धेच वसूल झाले. पण त्या दिवशी एक गोष्ट पक्की समजली. पाठवणाऱ्याचा शुक्रिया अदा करणे हा नुसता तहजीबचा भाग नाही. ज्याला आपण कळवत राहतो, तोही आपल्याला कळवत राहतो. तो त्या पार्टीच्या गावात बसलेला असतो. तिची दुकानदारी कशी चालली आहे हे त्याला आपल्या आधी दिसते.

तेव्हापासून आमच्या सौद्याच्या वहीत एक रकाना वाढला: 'कोणामार्फत'. त्या नावाला आम्ही तीन वेळा कळवतो. पार्टी येऊन गेली त्याच दिवशी, माल रवाना झाला तेव्हा, आणि पैसे जमा झाले तेव्हा.

हे तीन निरोप कसे असावेत, ते एका सौद्यावरूनच सांगतो. पुढे त्याच दोस्तांनी नाइटी शिवणारी एक पार्टी पाठवली. ती आली त्या संध्याकाळी आम्ही फोन केला, "तुमचे गिऱ्हाईक येऊन गेले. नमुना घेऊन गेले आहेत, सौदा अजून झालेला नाही. उधारी किती दिवसांची ठेवावी, तुमचा अंदाज काय?" ते म्हणाले, "पहिल्यांदा 45 दिवसांच्या वर जाऊ नका." पार्टीने 60 दिवस मागितले होते. आम्ही 45 वर सौदा केला. सौदा झाला नसता तरी आम्ही तसे कळवले असते. नाहीतर पाठवणारा समजतो की आपण सौदा करून गप्प बसलो.

माल होता 40 तागे, प्रत्येकी 100 मीटर. 35 रुपये मीटरने 1 लाख 40 हजार आणि 5 टक्के जीएसटीचे 7 हजार, असे 1 लाख 47 हजारांचे बिल झाले. बिल्टी हातात आली त्या दिवशी दुसरा निरोप गेला: "माल आज रवाना केला. तुमच्या शब्दामुळे हे गिऱ्हाईक मिळाले, मेहरबानी." एवढेच. भाव किंवा रक्कम सांगितली नाही. ती पार्टीची अमानत आहे, आणि पाठवणारा स्वतःही त्या पार्टीला माल विकतो हे विसरू नये. आजकाल बिलाचा फोटो मोबाइलवर सहज पाठवला जातो. तो पाठवू नये, भाव त्यावरच छापलेला असतो.

तिसऱ्या निरोपाआधीच भानगड झाली. रंगवल्यावर दोन ताग्यांत आडव्या पट्ट्या दिसल्या. विणताना बाण्यात दोन वेगळ्या लॉटचे सूत आले होते. कोऱ्या मालात हे डोळ्यांना दिसत नाही, रंग चढल्यावरच उघडे पडते. चूक आमच्याकडची होती. पार्टीचा फोन ठेवल्याबरोबर आम्ही दोस्ताला फोन लावला, "दोन ताग्यांत खोट निघाली, आमची जबाबदारी आहे. त्यांची रक्कम वजा करून देतो आहोत." 7 हजार 350 रुपयांची क्रेडिट नोट दुसऱ्याच दिवशी पाठवली. ती पार्टी दोस्ताच्या दुकानावर तक्रार घेऊन गेली, तेव्हा त्यांना उत्तर माहीत होते. ज्याने आपली शिफारस केली त्याला वाईट खबर पार्टीच्या तोंडून कळली, तर तो पुन्हा शिफारस करणार नाही.

बाकीचे 1 लाख 39 हजार 650 रुपये 47व्या दिवशी आले आणि तिसरा निरोप गेला: "हिशेब साफ झाला." ते आल्यावाचून राहिले असते तरी आम्ही दोस्ताला फक्त माहिती दिली असती, वसुली सांगितली नसती. शिफारस म्हणजे जामीनकी नव्हे. उधार देण्याचा निर्णय आपला, त्याचा बोजा त्याच्या खांद्यावर टाकणे नाइन्साफी आहे.

आता राहिला पैशाचा सवाल. पाठवणारा दलाल असेल तर आधी ठरलेली दलाली त्याचा हक्क आहे. तिथे गोड शब्दांवर भागवू नये. पाठवणारा दोस्त दुकानदार असेल तर सौद्यानंतर पाकीट पुढे करणे आम्हाला पसंत नाही. त्याने दोस्तीत केलेल्या कामाला त्यामुळे भाव लागतो. शिवाय पार्टीच्या कानावर गेले तर तिला वाटते की हे पैसे आपल्याच बिलातून निघाले. त्यापेक्षा अस्तर मागणारे गिऱ्हाईक आपल्याकडे आले की त्याला त्यांच्या दुकानावर पाठवावे.

तिसरा प्रकार नाजूक आहे. पाठवणारा त्याच पार्टीचा मुनीम किंवा खरेदी पाहणारा नोकर असतो. त्याला मालकाच्या नकळत दिलेली भेट ही भेट राहत नाही, ती रिश्वत होते. त्याचा शुक्रिया मालकासमोर अदा करावा: "तुमच्या मुनीमसाहेबांनी आमचे नाव सुचवले." यात मुनीमाची इज्जत वाढते आणि आपला हात साफ राहतो.

काही व्यापारी बांधव म्हणतील, इतके फोन करायला वेळ कोणाला आहे? तीन फोन मिळून दहा मिनिटांचे काम आहे. आमचे अडकलेले पैसे वसूल करायला नाशिकच्या अकरा फेऱ्या झाल्या होत्या, आणि तरीही अर्धे बुडाले. आज रात्री वही मिटण्याआधी मागच्या तीन महिन्यांतल्या नव्या पार्ट्या पाहा. प्रत्येकीला कोणी पाठवले ते नाव तिच्यासमोर लिहा. ज्यांना अजून कळवले नाही, त्यांना उद्या दुकान उघडताच फोन करा.