पांढऱ्यावरची पांढरी कड

ॲमेझॉनवर वस्तूच्या मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, म्हणजे लाल, हिरवा, निळा हे तिन्ही आकडे 255. वस्तू रंगीत असेल तर ती कापून काढणं सोपं असतं. खरी परीक्षा होते ती पांढऱ्या कागदासमोर ठेवलेल्या चिनी मातीच्या पांढऱ्या मगाची. तिथे क्विक सिलेक्शन टूल फिरवलं की ते मगाच्या पोटातून थेट कागदावर घरंगळत जातं. मग लोक म्हणतात, फोटोत कडच नाही. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा कड असते, फक्त डोळ्याला दिसत नाही.

फोटोशॉपमध्ये F8 दाबून इन्फो पॅनेल उघडा आणि कर्सर कडेवरून हळू फिरवा. समजा, कागद 249 दाखवतोय, मगाची डावी कड 241 आणि उजेडाकडची उजवी कड 246. फरक आठ आणि तीन पायऱ्यांचा आहे. हा एवढासा फरक आपल्याला तात्पुरता ताणायचा आहे. सगळ्यात वर लेव्हल्सचा ॲडजस्टमेंट लेयर टाका, इनपुटचा काळा त्रिकोण 235 वर आणि पांढरा 252 वर आणा. आता ह्या सतरा पायऱ्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत पसरतात. कागद 210 च्या आसपास जातो, डावी कड 90 वर येते, उजवी 165 वर. मग अचानक राखाडी होऊन समोर उभा राहतो. मूळ फोटोला धक्का लागलेला नसतो, कारण काम झालं की हा लेयर काढून टाकायचा असतो.

इथे बरेच जण Sample All Layers वर टिक करून ताणलेल्या चित्रावरच क्विक सिलेक्शन चालवतात. माझा आग्रह पेन टूलचा आहे. मूळ फोटोत कड दोन-तीन पिक्सेलांत हळूहळू विरघळत जाते. ताण दिला की त्या मधल्या पिक्सेलांना एक बाजू पकडावी लागते, आणि तुमचा काळा त्रिकोण जिथे असेल त्यानुसार कड आत किंवा बाहेर सरकते. शिवाय त्याच ताणाने फोटोतला दाणाही फुगतो, आणि जेपेग असेल तर आठ-आठ पिक्सेलांचे चौकोन वर येतात. आपोआप केलेलं सिलेक्शन त्या चौकोनांच्या पायऱ्या इमानेइतबारे पकडतं. हातानं काढलेला पाथ त्या ओलांडून सलग वळण घेतो. म्हणून ताणलेलं चित्र फक्त बघण्यासाठी वापरावं आणि रेघ आपण ओढावी. शक्य असेल तर रॉ फाइल 16 बिटमध्ये उघडा, तिथे ताण जास्त सोसतो.

सगळ्यात फसवा भाग म्हणजे बूड. वरच्या बाजूला छान चाललेली सेटिंग इथे उपयोगाची नाही, कारण बुडाची कड 228 आणि तिच्याखालची सावली 205 असते. दोन्ही 235 च्या खाली असल्यामुळे मग आणि सावली मिळून एकच काळा डाग दिसतो. अशा वेळी तोच लेयर पुन्हा उघडा आणि काळा त्रिकोण 195 वर, पांढरा 235 वर न्या. आता बूड 210 वर आणि सावली 64 वर जाऊन दोन्ही वेगळी दिसतात. थोडक्यात, कडेचा प्रत्येक तुकडा त्याची स्वतःची सेटिंग मागतो. एका सेटिंगमध्ये सगळा मग उरकायला गेलात तर बुडाला सावलीचा राखाडी ओठ चिकटून राहणार.

ही युक्ती कुठे हरते, तेही बघा. कानाच्या वरच्या बाजूला उजेड थेट पडून मगही 249 झाला असेल तर ताणायला काहीच उरत नाही, फक्त दाण्याची रांगोळी दिसते. तिथे दोन्ही टोकांना दिसणाऱ्या कडेवर पेनचे बिंदू ठेवा आणि मधलं वळण मगाचा आकार ओळखून पुरं करा. कागद आणि वस्तू दोन्ही 255 ला टेकले असतील, तर रॉ फाइलमध्ये एक्स्पोजर एक स्टॉप उतरवून काही परत येतं का ते पाहा. जेपेगमध्ये ते परत येत नाही.

पाथ पुरा झाला की लेव्हल्सचा लेयर बंद करा, पाथचं सिलेक्शन करताना अर्धा पिक्सेल फेदर द्या, मास्क लावा आणि खाली गडद राखाडी रंगाचा लेयर ठेवून 200 टक्क्यांवर कडेकडेनं फिरा. जिथे कागदाची पांढरी किनार उरली असेल तिथे ती गडद रंगावर लगेच चमकते. ही तपासणी पांढऱ्यावरच केली तर चूक दिसतच नाही, आणि नेमकी हीच पायरी घाईत गाळली जाते.

ज्यांच्या हातात कॅमेराही आहे त्यांनी मगाच्या दोन्ही बाजूंना, फ्रेमच्या जरा बाहेर, काळ्या कार्डबोर्डच्या पट्ट्या उभ्या कराव्यात. झिलईदार कडेत त्यांचं प्रतिबिंब पडतं आणि ती कड 241 ऐवजी बरीच खाली उतरते. मग लेव्हल्सचा लेयर लागतो तो फक्त बुडापुरता.