बायका बोलल्या, संशोधक कुठे आहे?

गुणात्मक संशोधनाच्या प्रबंधात निष्कर्षांचं प्रकरण उघडलं की एक ठरावीक चाल दिसते. वर उपशीर्षक, ‘आरोग्याच्या समस्या’. खाली वाक्य, ‘ऊसतोड महिलांना आरोग्याच्या विविध समस्यांना सामोरे जावे लागते.’ मग ‘एका महिलेने सांगितले’, ‘दुसरी म्हणाली’, ‘तिसरीच्या मते’. चार अवतरणं संपली की समारोप, ‘यावरून असे दिसून येते की ऊसतोड महिलांना आरोग्याच्या अनेक समस्या आहेत.’ म्हणजे सुरुवातीचंच वाक्य, फिरवून. मधल्या दोन पानांत बायकांनी आपलं काम चोख केलं. संशोधकाने मात्र रेकॉर्डर चालू ठेवण्यापलीकडे काही केलेलं दिसत नाही.

हे कुणाला दाखवलं की पहिला बचाव नैतिक असतो. ‘त्यांचा आवाज त्यांच्याच शब्दांत यायला हवा, आम्ही मध्ये बोलणारे कोण?’ हा बचाव हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उच्चवर्णीय, शहरी अभ्यासकांनी कष्टकऱ्यांच्या बोलण्याचा वाटेल तो अर्थ लावल्याचा इतिहास आपल्याकडे आहेच. पण अवतरणांची माळ लावल्याने तो दोष जात नाही. साठ पानांच्या प्रतिलेखांतून कुठल्या चार ओळी घ्यायच्या, कुठे कापायच्या, कोणती आधी ठेवायची, हे सगळं संशोधकच ठरवतो. हस्तक्षेप होतोच, फक्त कारण न सांगता होतो. गोपाळ गुरू यांनी २००२ साली ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधल्या लेखात भारतीय समाजशास्त्रांतल्या एका विभागणीवर बोट ठेवलं होतं: काहींनी सिद्धांत मांडायचा आणि काहींनी फक्त अनुभवाचा कच्चा माल पुरवायचा. ऊस तोडणाऱ्या बाईचं वाक्य जसंच्या तसं चिकटवून पुढे जाणं ही तीच विभागणी आहे, फक्त आदराच्या भाषेत. ती बाई आपल्या परिस्थितीचं विश्लेषण बोलता बोलता करत असते. ते ओळखून पुढे नेणं हा तिचा खरा मान.

दुसरा बचाव पुराव्याचा. ‘अवतरणं म्हणजे आमचा डेटा. जितकी जास्त, तितका निष्कर्ष पक्का.’ त्याला आधार म्हणून २००७ सालची ‘कोरेक’ ही बत्तीस मुद्द्यांची तपासणीसूची पुढे केली जाते. तिच्यात अवतरणं द्यावीत आणि प्रत्येकाला सहभागीचा क्रमांक असावा, असं आहे खरं. पण त्याच सूचीत मांडलेला डेटा आणि निष्कर्ष यांच्यात सुसंगती आहे का, हेही विचारलंय. ते सोयीने राहून जातं. व्हर्जिनिया ब्राउन आणि व्हिक्टोरिया क्लार्क यांचा २००६ सालचा लेख तर आशयसूत्रांच्या, म्हणजे थीमच्या, विश्लेषणाचं पाठ्यपुस्तकच मानला जातो. प्रबंधागणिक त्याचा संदर्भ असतो. त्यात टाळायच्या चुकांमध्ये पहिलीच चूक हीच सांगितली आहे: उतारे एकापुढे एक ठेवायचे आणि विश्लेषण करायचंच नाही. संदर्भ देणाऱ्यांनी ते पान वाचलं असतं तर हा लेख लिहावा लागला नसता.

आता मांडणीकडे. वरच्या विभागातली चार अवतरणं अशी आहेत असं धरू. ती मी उदाहरणासाठी रचली आहेत, कुठल्याही अभ्यासातली नाहीत. पहिली बाई: ‘कंबर धरली व्हती, पर खाडा पडंल म्हणून फडात गेले.’ दुसरी: ‘कोपीवर पाणी न्हाई, पाळीत लई हाल व्हत्यात.’ तिसरी: ‘मुकादम म्हनला, जा दवाखान्यात, पर खाडा तुमच्या उचलीवर चढंल.’ चौथी: ‘आमची उचल फिटत आली व्हती, म्हनून दोन दिस पडून राहिले.’

चारही बोलणी ‘आरोग्या’विषयी आहेत, म्हणून ती एका उपशीर्षकाखाली आली. पण ‘आरोग्य’ हा विषय झाला, आशयसूत्र नव्हे. मुलाखतीच्या प्रश्नावलीत आरोग्याचा प्रश्न होता, त्याचंच उपशीर्षक झालं. आशयसूत्राला काहीतरी म्हणायचं असतं, आणि ते खोटं ठरण्याचीही सोय असते. इथे वाट चौथ्या बाईने दाखवली. कामावर न जाता ती पडून राहू शकली, ते तिचं दुखणं मोठं होतं म्हणून नव्हे, तर मुकादमाकडून घेतलेली उचल फिटत आली होती म्हणून. तिच्यावरून पहिली आणि तिसरी पुन्हा वाचली की दुखण्याची गोष्ट कर्जाची होऊन बसते. तोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. बाई एक दिवस बसली की खाडा दोघांच्या हिशोबात येतो. म्हणून उपशीर्षक बदलतं: ‘विश्रांती दुखण्यावर नाही, शिल्लक उचलीवर ठरते.’

मग परिच्छेद असा होतो:

‘आजारी असताना कामावर जायचं की नाही, हे ठरवताना बायका वेदनेपेक्षा हिशोबाचा विचार करत होत्या. कोयता जोडीचा असल्याने एकीचं बसणं दोघांच्या डोक्यावर खाडा आणत होतं. मुकादम दवाखान्याला नाही म्हणत नव्हता. त्याची किंमत तेवढी सांगत होता: “जा दवाखान्यात, पर खाडा तुमच्या उचलीवर चढंल” (सहभागी ११, उचल बरीच शिल्लक). बंदी नसल्यामुळे कामावर जाणं हा बाईचा स्वतःचा निर्णय ठरत होता. उलट, जिची उचल “फिटत आली व्हती” (सहभागी ४), तिने दोन दिवस विश्रांती घेतली.’

यात एक अवतरण पूर्ण आहे, एक वाक्यात मिसळलेलं आहे, आणि पहिल्या बाईचं गळलंच, कारण ते सांगत होतं ते तिसरीने जास्त नेमकं सांगितलंय. ओळखीत वय-गाव न देता उचलीची स्थिती दिली, कारण दावा तिच्यावर उभा आहे. आणि ‘बंदी नसल्यामुळे’ हे वाक्य कुणाही बाईने म्हटलेलं नाही. ते संशोधकाचं आहे, आणि त्याची जबाबदारीही त्याचीच.

इथेच घात होऊ शकतो. सूत्र सुचलं की ते सगळीकडे दिसू लागतं. म्हणून सर्व प्रतिलेखांकडे परत जायचं आणि मुद्दाम विरुद्ध बाया शोधायच्या: उचल डोक्यावर असूनही जी बसली ती, आणि फिटलेली असूनही जी गेली ती. समजा, पहिल्या प्रकारातल्या तिघी सापडल्या आणि तिघींच्याही टोळीत जाऊ किंवा नणंद होती, जिने त्यांच्या मोळ्या बांधल्या. मग दावा आखडतो: उचल ठरवते, पण बदली हात नसेल तिथे. हे वाक्य प्रकरणात यायलाच हवं, मोजकं का होईना. एका चौथ्या बाईवर इमारत उभी केली आणि बाकीच्या जणी तपासल्याच नाहीत, तर तीही माळच. फक्त मणी कमी.

एक सोपी तपासणी आहे. अवतरणं झाकून फक्त आपली वाक्यं वाचावीत. युक्तिवाद उभा राहतो का? ‘एका महिलेने सांगितले की’ एवढंच उरत असेल तर काम झालेलं नाही. मग उलट, आपली वाक्यं झाकून अवतरणं वाचावीत. ती दाव्याला धरून आहेत की नुसती हृदयद्रावक म्हणून घेतली, ते कळतं. अवतरणानंतर त्याचाच मथितार्थ प्रमाण मराठीत लिहिणं, ‘म्हणजेच खाड्याच्या भीतीने महिला कामावर जातात’, यालाही पुष्कळ जण विश्लेषण समजतात. मार्गदर्शकही समजतात, हे दुर्दैव.

राहिली दुसरी बाई, कोपीवर पाणी नसलेली. या सूत्रात तिला जागा नाही, आणि ओढून बसवू नये. मुक्कामाच्या जागेविषयी इतरही बोलल्या असतील तर तिथून वेगळं सूत्र निघतं का ते पाहावं. नसेल निघत, तर संदर्भाच्या भागात, टोळीच्या राहण्याचं वर्णन करताना, तिचं वाक्य वापरावं.