‘रेट काय?’ आणि शब्दांची चाळणी

‘रेट काय?’ या दोन शब्दांत वाईट असं काय आहे? भाजीवाल्याला आपण दिवसातून चारदा हेच विचारतो. पण चकलीचा व्हिडिओ टाकणाऱ्या एखाद्या तरुण बाईला रात्री साडेअकराला कुणी अनोळखी माणूस लिहितो, ‘तुझा रेट काय?’ तेव्हा तेच दोन शब्द शिवी होऊन येतात. मैत्रिणींनो, गंमत म्हणजे शिवीच्या कुठल्याही यादीत हे शब्द सापडत नाहीत!

आमच्या तालुक्यातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी दिवाळीचा फराळ, पापड, मसाले करतात आणि त्याचे व्हिडिओ यूट्यूबवर टाकतात. व्हिडिओखाली गिऱ्हाइकं विचारपूस करतात, ऑर्डरी देतात. तिथेच घाणही पडते. जिचा चेहरा व्हिडिओत दिसतो ती मला म्हणाली, ‘ताई, हे घरी कुणी वाचलं ना, तर माझं गटात येणंच बंद होईल.’ अशा वेळी ‘दुर्लक्ष कर’ असा सल्ला देणारे पुष्कळ भेटतात. दुसरा सल्ला असतो, प्रतिक्रियांची सोयच बंद करून टाका. पण निम्मी विक्री तिथूनच होते, त्याचं काय? गैरवर्तन करणारा मोकळा आणि दुकान मात्र आपण बंद करायचं, हा कुठला न्याय!

यूट्यूबने यासाठी एक चाळणी दिलेली आहे. स्टुडिओच्या Settings मध्ये Community moderation असा भाग आहे, त्यात Blocked words नावाची चौकट. तिथे नको असलेले शब्द स्वल्पविराम देऊन लिहायचे. ते शब्द असलेली प्रतिक्रिया लोकांना दिसत नाही. पण ती पुसलीही जात नाही. Held for review या कप्प्यात जाऊन पडते आणि तिथे साठ दिवसांपर्यंत राहते. आपण वाचून ती सोडायची की काढायची ते ठरवायचं. ही ‘थांबवून ठेवण्याची’ सोय फार मोलाची आहे. ती का, ते पुढे सांगते.

गटातल्या एकीच्या कॉलेजात जाणाऱ्या पुतण्याने पहिली यादी केली. इंटरनेटवरून तयार इंग्रजी शिव्या उचलल्या आणि चौकटीत ओतल्या. काहीच अडकलं नाही. अडकणार कसं? आमच्याकडचे लोक शिव्या मराठीत देतात, फक्त अक्षरं इंग्रजी वापरतात. मग त्याने चिडून ‘धंदा’, ‘रेट’, ‘बाई’ असे शब्द घातले. आता घाण थांबली, पण ‘किलोचा रेट काय, पुण्याला पाठवाल का?’ हेही थांबलं. ‘हा धंदा सुरू करायला भांडवल किती लागतं?’ असं विचारणारी एक होतकरू बाईही त्याच कप्प्यात जाऊन बसली. तो कप्पा उघडून बघायचा असतो हे कुणाला ठाऊकच नव्हतं. ऐन दिवाळीच्या आठवड्यातल्या पाच-सहा ऑर्डरी तिथे पडून होत्या. प्रतिक्रिया पुसल्या गेल्या असत्या तर त्यांचा पत्ताही लागला नसता.

हा घोटाळा काही आजचा नाही. १९९६ साली इंग्लंडमधल्या स्कन्थॉर्प गावच्या लोकांना एओएल या कंपनीच्या सेवेत नावच नोंदवता येईना, कारण गावाच्या नावाच्या स्पेलिंगमध्ये एक इंग्रजी अपशब्द दडलेला होता. यंत्राला शब्द दिसतो, बोलणाऱ्याचा हेतू दिसत नाही.

मग एका दुपारी आम्ही वहीच घेऊन बसलो. जुन्या प्रतिक्रिया दोन रकान्यांत उतरवल्या, एकीकडे घाणेरड्या, दुसरीकडे साध्या. दोन्हीकडे असलेला शब्द यादीत घालायचा नाही, फक्त घाणेरड्या रकान्यात येणारी शब्दांची जोडी शोधायची, असं ठरलं. ‘रेट’ बाहेर गेला, ‘तुझा रेट’ आणि ‘रात्रीचा रेट’ आत आले. ‘धंदा’ सुटला, ‘धंदेवाली’ अडकली. सुरुवातीला हे शब्द उच्चारायलाच बायका लाजत होत्या. शेवटी साठीच्या आजींनी पदर खोचला आणि भाजीची यादी सांगावी तशी एकेक शिवी सांगितली!

त्यानंतर आली स्पेलिंगची भानगड. tuza rate, tujha rate, tuzha rate, tuja rate अशी प्रत्येक तऱ्हा वेगळी लिहावी लागते. यूट्यूब यादीशी मिळतेजुळते शब्दही पकडतं म्हणतात, पण मराठीत शब्दाला प्रत्यय लागले की त्याचं रूपच पालटतं, म्हणून त्यावर विसंबू नये. देवनागरीतही एक मेख आहे. ‘ॲप’ मधलं पहिलं अक्षर एकाच कळीने उमटतं, किंवा ‘अ’ला वेगळा चंद्र जोडूनही होतं. डोळ्यांना एकच दिसतं, पण यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. असे शब्द स्वतः टाइप न करता आलेल्या प्रतिक्रियेतून उचलून यादीत चिकटवावेत, हे उत्तम.

शिव्यांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती ठगांची. गटाचंच नाव आणि गटाचाच फोटो लावून कुणीतरी गिऱ्हाइकाला उत्तर देतो, ‘अभिनंदन, तुम्हाला बक्षीस लागलं, या नंबरवर मेसेज करा.’ त्यासाठी यादीत wa.me, t.me, telegram घातले आणि Block links वर खूण केली. ‘लाडकी बहीण’ हे शब्द मात्र घातले नाहीत, कारण त्या योजनेबद्दल आमच्या बायका खरेच प्रश्न विचारतात. त्याऐवजी ‘केवायसी’ आणि kyc घातले.

पण नंबर ‘नऊ आठ दोन’ असा अक्षरांत लिहिला की यादी हात टेकते. तिथे आपली नजरच हवी. खऱ्या चॅनेलने दिलेल्या उत्तरात नावामागे रंगीत पट्टी दिसते, नकलीच्या नावामागे ती नसते. त्याच्या नावावर टिचकी मारली तर बहुधा नुकतंच उघडलेलं, एकही व्हिडिओ नसलेलं खातं निघतं. गिऱ्हाईक स्वतःचा फोन नंबर लिहून गेलं असेल तर तो लगेच काढावा. नाहीतर ‘गटातून बोलतेय, टोकन भरा’ असा फोन त्याला जायला वेळ लागत नाही. पैसे गेलेच तर १९३० वर ताबडतोब कळवायचं.

आणि ‘ताई छान दिसता, मिस्टर काय करतात?’ यात कुठला शब्द अडवणार? म्हणून कप्पा आणि प्रतिक्रिया वाचणारं माणूस लागतंच. ते काम व्हिडिओत दिसणाऱ्या मुलीला देऊ नये, असं माझं ठाम मत आहे. स्वतःबद्दलची घाण रोज स्वतःच वाचायची, ही शिक्षा कशाला? आम्ही दोघी-दोघींची आठवड्याची पाळी लावली आहे, सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं. काढण्याआधी त्या खात्याच्या लिंकसकट, तारखेसकट स्क्रीनशॉट घ्यायचा, मग Hide user from channel. बाईच्या विनयाचा अपमान करणाऱ्या शब्दांसाठी १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ७९ लागू आहे. तक्रार cybercrime.gov.in वर करता येते, पण पुरावा आधीच पुसून बसलो तर तिथे दाखवणार काय?

यादी हिशेबाच्या वहीच्या शेवटच्या पानावर आहे. मागच्या महिन्यात तिथे ‘एकटी असतेस का’ चार स्पेलिंगांत चढलं. नुसता ‘एकटी’ हा शब्द मात्र बाहेरच ठेवला. त्याच आठवड्यात एका बाईने लिहिलं होतं, ‘मी एकटीच आहे, गटात घ्याल का?’