सासूचा प्रताप की गुलाबजळ?

लघवीतून रक्त जाण्यावर प्रश्न आला, की बरेच विद्यार्थी थेट कारणांची यादी लिहू लागतात: मुतखडा, क्षयरोग, कर्करोग, नेफ्रायटिस. एमबीबीएसच्या परीक्षेला बसणाऱ्या सगळ्यांना कळकळीची विनंती, यादी मागाहून लिहा. आधी हे रक्तच आहे का, ते ठरवा. मग ते ग्लोमेरुलसमधून, म्हणजे मूत्रपिंडाच्या गाळणीतून येतंय की दुसरीकडून, ते पाहा.

रिफाम्पिसिनने किंवा बीट खाल्ल्यानेही लघवी लाल होते, पण डिपस्टिक निगेटिव्ह येते. डिपस्टिक पॉझिटिव्ह आणि सूक्ष्मदर्शकाखाली तांबड्या पेशी नाहीत, तर हिमोग्लोबिन किंवा मायोग्लोबिनचा विचार करा. नमुना मात्र ताजा हवा. शिळ्या लघवीत पेशी फुटून जातात.

रक्त गाळणीतलं असेल तर ‘सासूचा प्रताप’ आठवा. सा म्हणजे साचे, अर्थात आरबीसी कास्ट. सू म्हणजे सूज. चा म्हणजे कोऱ्या चहासारखा रंग. प्र म्हणजे प्रथिनं. ता म्हणजे ताण, वाढलेला रक्तदाब. आणि प म्हणजे वेड्यावाकड्या पेशी. यात सर्वांत वजनदार खूण साच्यांची. पेशी मूत्रपिंडाच्या नलिकेत अडकून तिच्या आकाराचा साचा बनतो, त्यामुळे तो दिसला की रक्त मूत्राशयातलं नाही हे नक्की.

गाळणीबाहेरच्या रक्तासाठी ‘गुलाबजळ’: गुठळ्या, लाल रंग, बांधेसूद पेशी, जळजळ.

आता आठ वर्षांचा एक मुलगा घ्या. दोन आठवड्यांपूर्वी घसा दुखला होता. आज डोळ्यांभोवती सूज, लघवी कोऱ्या चहासारखी, रक्तदाब 130/90, लघवीत प्रथिनं आणि आरबीसी कास्ट. प्रताप जवळजवळ पूर्ण आहे. पुढची तपासणी सी-3 ची. ते कमी आलं, तर स्ट्रेप्टोकोकसनंतरचा नेफ्रायटिस. सहा ते आठ आठवड्यांत सी-3 पूर्ववत व्हायला हवं. झालं नाही, तर निदान पुन्हा तपासा आणि बायोप्सीचा विचार करा. हाच घसा काल दुखला असता आणि आज लघवी लाल झाली असती, सी-3 ही नॉर्मल असतं, तर उत्तर आयजीए नेफ्रोपथीकडे गेलं असतं. म्हणून घसा आणि लघवी यांत किती दिवस गेले, हे उत्तरात लिहाच.

गुलाबजळातलं ‘जळ’ मात्र दगा देऊ शकतं. साठीचा, वर्षानुवर्षं विडी ओढणारा माणूस येतो. लघवी लाल, एखाद-दुसरी गुठळी, पण दुखत नाही, जळजळ नाही. दोन दिवसांत लघवी आपोआप स्वच्छही होते. इथे जंतुसंसर्ग समजून अँटिबायोटिक देऊन त्याला घरी पाठवू नका. मूत्राशयाचा कर्करोग बहुतेकदा असाच, न दुखता आणि थांबून-थांबून रक्त दाखवतो. सीटी युरोग्राफी आणि सिस्टोस्कोपी, दोन्ही लिहा.